सिट अँड रीच आणि शटल रन: शाळेच्या मैदानावर नीट कसं मोजायचं आणि आकडा कसा वाचायचा

गेल्या डिसेंबरात एका पालकांनी मला शाळेच्या फाटकातच गाठलं. हातात मुलाचं प्रगतिपुस्तक. "सर, सातवीत याची लवचिकता 27 होती, आठवीत 17 आलीय. पाठीचं काही दुखणं तर नाही ना?" मुलाच्या पाठीला काही झालं नव्हतं. पाय सरळ ठेवून बसायचं आणि पुढे वाकून हात किती पोचतो ते पेटीवर मोजायचं, ही सिट अँड रीच चाचणी; तिची पेटी आम्ही बदलली होती. जुन्या पेटीवर पायाचे तळवे टेकायची रेघ 23 सेंटीमीटरवर होती, सुताराकडून करून घेतलेल्या नव्या पेटीवर ती 15 सेंटीमीटरवर आली. हे ना मी नोंदवलं, ना कुणी विचारलं.

दोन्ही चाचण्या दिसायला सोप्या आहेत, म्हणून त्या एका तासात उरकल्या जातात. आणि उरकल्या की आकडा मुलाचा राहत नाही. तो पेटीचा, दोरीचा किंवा शिट्टीचा होतो. तसं होऊ नये म्हणून काय करायचं, ते क्रमाने लिहितो.

## 1. आधी ठरवा: कोणतं शटल रन?

एकाच नावाच्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत आणि त्यांची सरमिसळ सर्रास होते.

पहिली 4×10 मीटर. दोन रेघा, पलीकडे दोन ठोकळे, एकेक उचलून आणायचा. दहा-पंधरा सेकंदांत संपते. वेग, थांबणं आणि वळणं, म्हणजे चपळता मोजते. निकाल सेकंदात येतो आणि कमी आकडा चांगला.

दुसरी 20 मीटरची, बीपच्या तालावर. सुरुवातीचा वेग ताशी 8.5 किलोमीटर, मग दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढत जातो. मूल तालाच्या मागे पडलं की थांबतं. ही दमश्वास मोजते. निकाल फेऱ्यांत किंवा टप्प्यांत येतो आणि जास्त आकडा चांगला.

एकीचा तक्ता दुसरीला लावता येत नाही. या लेखात पुढे शटल रन म्हणजे 4×10 मीटरचंच. खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत चौथीपासून पुढे सिट अँड रीच आहे, 50 मीटर आणि 600 मीटर धावणं आहे, पण हे ठोकळ्यांचं शटल रन नाही. तेव्हा ते घ्यायचं असेल तर शाळेच्या स्वतःच्या वहीत, स्वतःच्या तुलनेसाठी घ्या.

## 2. तयारी: आदल्या दिवशीचं काम

पेटी. सुमारे 30 सेंटीमीटर उंचीचा लाकडी खोका पुरतो. वरची फळी मुलाच्या बाजूला पुढे आलेली हवी, कारण ज्यांचा हात पायाच्या बोटांपर्यंत पोचत नाही त्यांचाही आकडा मिळायला हवा. फळी तळव्यांच्या रेघेपुढे 23 सेंटीमीटर आली, तर शून्य मुलाकडच्या कडेवर येतं आणि तळव्यांची रेघ 23 वर. काही पद्धतींत ही रेघ 15 वर असते, काहींत 26 वर. कुठलीही चालेल, पण पेटीच्या बाजूला ठळक अक्षरात रंगवून ठेवा: "तळवे = 23". कागद चिकटवू नका, पुढच्या पावसाळ्यात तो राहत नाही.

पट्टी शिंपीकामाच्या कापडी टेपची नको, ती ताणली जाते. लाकडी किंवा स्टीलची मोजपट्टी ठोकून बसवा.

मैदान. 10 मीटर हे स्टीलच्या टेपनेच मोजायचे. पावलांनी नाही, आणि खो-खोच्या जुन्या आखणीवर भरवसा ठेवूनही नाही. इथे एक जुनी चूक लपलेली आहे. पूर्वीच्या पद्धतीत या दोन रेघांमधलं अंतर 30 फूट असायचं, आणि बऱ्याच शाळांच्या सामानात अजून त्या मापाची गाठी मारलेली दोरी पडलेली असते. 30 फूट म्हणजे 9.14 मीटर. चार फेऱ्यांत 3.42 मीटर कमी. जो मुलगा दोरीच्या मैदानावर 11.4 सेकंदांत पळतो, तो त्याच वेगाने खऱ्या 40 मीटरला साधारण 12.5 सेकंद घेईल. म्हणजे ज्या वर्षी तुम्ही टेप आणाल त्या वर्षी अख्खा वर्ग मंदावल्यासारखा दिसेल.

फक्कीची रेघ चांगली पाच सेंटीमीटर रुंद पडते. म्हणून अंतर एका रेघेच्या आतल्या कडेपासून दुसरीच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही टोकांच्या पलीकडे किमान चार मीटर मोकळी जागा हवी, कारण शेवटची रेघ मुलाने पूर्ण वेगात ओलांडायची आहे. भिंतीला लागून आखलेल्या मैदानावर मुलं आधीच वेग कमी करतात. शिवाय एखादं मूल हात पुढे करून भिंतीवर आदळतं, ते वेगळंच.

ठोकळे साधारण 5×5×10 सेंटीमीटरचे, लाकडी. दगड नकोत, विटेचे तुकडेही नकोत.

> तपासा: टेपने मोजलेलं अंतर, जमिनीचा प्रकार (माती, फरशी, पेव्हर), पेटीची तळव्यांची रेघ. या तीन गोष्टी वहीच्या पहिल्याच ओळीत आल्या का? मुलांची नावं त्यानंतर.

महिना. शाळा जूनमध्ये भरते आणि पहिली चाचणी जुलैत उरकायची घाई असते. तेव्हा मैदान चिखलाचं, म्हणून शटल रन व्हरांड्यातल्या फरशीवर घेतलं जातं. फेब्रुवारीत तीच मुलं कोरड्या मातीवर पळतात आणि "प्रगती" दिसते. पहिली फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि दुसरी फेब्रुवारीत, दोन्ही त्याच मैदानावर, हे मला सगळ्यांत जमलेलं आहे. सिट अँड रीच मात्र वर्गात कधीही घेता येतं.

## 3. त्या दिवशीचा क्रम

परिपाठ झाल्यावर, उन्हं चढायच्या आत. मधल्या सुट्टीच्या खिचडीनंतर लगेच कधीच नाही. किमान दोन तास जाऊ द्या.

क्रम असा ठेवा: उंची-वजन, मग सगळ्यांना सारखीच अंगमोकळी, मग सिट अँड रीच, मग शटल रन. त्याच दिवशी 600 मीटर घ्यायचं असेल तर ते अगदी शेवटी. दमणारी गोष्ट शेवटी, एवढंच सूत्र. 600 मीटर पळून आलेल्या मुलाला ठोकळे उचलायला लावलं तर तुम्ही त्याची चपळता मोजत नाही, त्याचा थकवा मोजता.

अंगमोकळी आठ-दहा मिनिटांची: हळू पळणं, गुडघे उचलणं, बाजूला सरकणं, पाय पुढे-मागे झुलवणं. तिची चिठ्ठी करून ठेवा आणि पुढच्या फेरीला तीच वापरा. स्नायू तापले की सिट अँड रीचचा आकडा वाढतो. एका तुकडीने सूर्यनमस्कार घालून चाचणी दिली आणि दुसरी थेट बाकावरून उठून आली, तर त्या दोन तुकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

> सावधान: दम्याचं मूल असेल तर त्याचा पंप दप्तरात नको, मैदानावर तुमच्या जवळ हवा. ताप, ताजी मुरगळ, छातीत दुखणं किंवा चक्कर सांगणाऱ्या मुलाची चाचणी त्या दिवशी नाही. मुलींना कारण न सांगता "आज नको" म्हणता आलं पाहिजे. हे आधीच बाईंमार्फत सांगून ठेवा आणि वहीत फक्त "नंतर" एवढंच लिहा.

## 4. सिट अँड रीच

1. पेटी भिंतीला टेकवा. मोकळी पेटी तळव्यांच्या दाबाने सरकते.
2. मूल बूट-मोजे काढून बसेल. दोन्ही तळवे पेटीला सपाट, टाचेपासून चवड्यापर्यंत. पाय सरळ.
3. हातावर हात, दोन्ही मधली बोटं एकावर एक जुळलेली.
4. श्वास सोडत हळूहळू पुढे वाकायचं आणि बोटं पट्टीवरून सरकवायची. जिथे पोचेल तिथे दोन सेकंद थांबायचं. मदतनीस मनात नाही, मोठ्याने मोजेल: "एक हजार एक, एक हजार दोन".
5. दोन वेळा सराव, मग दोन वेळा मोजणी. त्यातला जास्त आकडा लिहा, अर्धा सेंटीमीटरपर्यंत.

चुकतं कुठे? सगळ्यांत जास्त गुडघ्यात. गुडघा जरासा उचलला गेला की आकडा सहज दोन-चार सेंटीमीटरने फुगतो, आणि तो वरून पाहणाऱ्याला दिसत नाही. म्हणून मदतनिसाने बाजूला बसून गुडघ्यांवर हात नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. हाताला गुडघा वर येताना जाणवला की तो प्रयत्न बाद.

दुसरी चूक हिसक्याची. मुलं झोका घेऊन बोटं पुढे फेकतात, क्षणभर 30 ला लागतात आणि "सर, तीस!" ओरडतात. जिथे दोन सेकंद टिकलं नाही तो आकडा नाहीच. तिसरी एका हाताची: एक खांदा पुढे काढला की एक बोट तीन सेंटीमीटर पुढे जातं. बोटं जुळलेली आहेत का, ते आकडा वाचायच्या आधी पाहा.

> सावधान: मागून पाठ ढकलायची नाही. मित्रांनी नाही, सरांनीही नाही. मांडीच्या मागे ताण जाणवणं ठीक, पण कळ पायातून खाली पोटरीकडे गेली किंवा मुंग्या आल्या तर तिथेच थांबवा, आणि घरी डॉक्टरांना दाखवायला सांगा.

## 5. शटल रन, 4×10 मीटर

मूल एका रेघेमागे उभं, दोन्ही ठोकळे समोरच्या रेघेच्या पलीकडे. इशारा झाला की पळायचं, एक ठोकळा उचलायचा, परत येऊन तो सुरुवातीच्या रेघेमागे ठेवायचा, पुन्हा जायचं, दुसरा उचलायचा आणि तो हातात घेऊनच शेवटची रेघ ओलांडून पुढे निघून जायचं.

"ठेवायचा" हा शब्द मुलांना करून दाखवल्याशिवाय कळत नाही. फेकलेल्या ठोकळ्याने अर्ध्या सेकंदाच्या आसपास वाचतो, कारण वाकायचं टळतं. फेकला तर प्रयत्न बाद, थोडी विश्रांती देऊन पुन्हा. आणि दुसरा ठोकळा खाली ठेवायचा नसतो, हेही सांगा. नाहीतर मुलं शेवटच्या रेघेवर थांबून वाकतात.

घड्याळ कधी चालू करायचं यावर आमच्याकडे दोन सरांत वाद झाला होता. एक सर शिट्टी वाजल्यावर बटण दाबत, दुसरे मुलाचा पाय हलल्यावर. दोन्ही चालतं, पण एका शाळेत एकच. मी इशाऱ्यावर चालू करतो आणि मुलाची छाती रेघेवर आली की बंद करतो. हात किंवा ठोकळा पुढे आला तरी नाही. वेळ मोजणारा शेवटच्या रेघेच्या बरोबर टोकाशी उभा हवा. सुरुवातीची आणि शेवटची रेघ एकच असल्याने त्याला हलावं लागत नाही. समोरून पाहिलं तर छाती कधी ओलांडली ते कळत नाही.

हाताने मोजलेल्या वेळेत दोन दशांश सेकंदांची चूक गृहीत धरा. म्हणून 12.37 असं लिहू नका, 12.4 लिहा. मोबाईलवर सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो, पण तो अंगठ्याचा असतो, मुलाचा नाही.

एक सराव फेरी निम्म्या वेगाने. मग पूर्ण वेगाच्या दोन, मध्ये निदान तीन-चार मिनिटं बसू द्या. कमी वेळ ती नोंद. सराव फेरी वाचवायच्या मोहात पडू नका. पहिल्यांदा पळणारं मूल कुठे वळायचं हे शिकत असतं, आणि पुढच्या फेरीत दिसणारी सुधारणा मग पायांची नसून नुसती समजुतीची असते.

> तपासा: सगळी मुलं बूट घालून किंवा सगळी अनवाणी? मिसळ नको. वळायच्या जागी दर दहा-बारा मुलांनंतर माती सैल होते. ती पायाने दाबून घ्या, नाहीतर हजेरीपटात शेवटी नावं असलेली मुलं दरवर्षी घसरतात.

## 6. नोंद

प्रत्येक मुलामागे दोन्ही प्रयत्न लिहा, नुसता चांगला नको. दोन शटल रनमध्ये एका सेकंदाचा फरक असेल तर काहीतरी बिघडलं होतं. तिसरा प्रयत्न द्या.

एक्सेलमध्ये क्रम लावताना हमखास होणारी गोष्ट अशी: सिट अँड रीचमध्ये मोठा आकडा पहिला, शटल रनमध्ये लहान. एकच सूत्र दोन्ही रकान्यांत ओढलं की वर्गातलं सगळ्यांत मंद मूल पहिलं येतं. मी एकदा असा तक्ता फळ्यावर लावून मोकळा झालो होतो. शटल रनच्या रकान्यात शेवटी 1 हवा, सिट अँड रीचला 0:

```
=RANK(D2,$D$2:$D$46,1)
```

खरं तर असा तक्ता फळ्यावर लावायचाच नसतो. प्रत्येकाला त्याची चिठ्ठी द्या. वजन तर मोठ्याने वाचूच नका.

## 7. आकडा काय सांगतो

पुन्हा त्या 27 आणि 17 कडे. आधी प्रत्येक आकड्यातून त्या पेटीची तळव्यांची रेघ वजा करायची. 27 वजा 23 म्हणजे मुलगा तळव्यांच्या पुढे 4 सेंटीमीटर गेला. पुढच्या वर्षी 17 वजा 15, म्हणजे 2 सेंटीमीटर पुढे. दहाची घसरण प्रत्यक्षात दोनची निघाली, आणि एक-दोन सेंटीमीटरचा फरक तर सकाळ-दुपार बदलली तरी पडतो.

उरलेल्या दोनचंही कारण वहीत होतं. वर्षभरात त्याची उंची 146 वरून 153 झाली होती. उंची झपाट्याने वाढते त्या काळात, मुलींत साधारण बाराव्या आणि मुलग्यांत चौदाव्या वर्षाच्या आसपास, पाय आधी लांब होतात आणि धड मागून येतं. पाय लांब, हात-धड तुलनेने आखूड: बोटं कमी पुढे जाणारच. स्नायू आखडले असतील, नसतीलही. म्हणून या वयात सिट अँड रीच शेजारी उंची लिहिलेली नसेल तर आकडा वाचता येत नाही.

ही चाचणी मुख्यतः मांडीच्या मागच्या स्नायूंचा ताण दाखवते, कंबरेचा थोडासाच. खांदा, घोटा, मान यांच्याबद्दल काही सांगत नाही. "लवचिकता कमी" असा शेरा सगळ्या शरीराला लावू नका. आणि खूप मोठा आकडा म्हणजे उत्तम आरोग्य, असंही नाही. काही मुलांचे सांधे मुळातच सैल असतात. बोटं तळव्यांपर्यंत पोचतात का, हा पहिला प्रश्न पुरेसा आहे. पाच-सहा सेंटीमीटर अलीकडे राहत असतील आणि उंचीची वाढ थांबूनही तसंच राहिलं, तर रोज मांडीचा मागचा भाग हलक्या ताणाने मोकळा करायला द्या, प्रत्येक पाय अर्धा मिनिट, दोन-तीन वेळा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. एका पायाचा आखडलेपणा संशयास्पद वाटला तर दुसरा पाय गुडघ्यात दुमडून एकेका पायाचा आकडा घ्या. दोन्हींत मोठा फरक सतत दिसत असेल तर तो शेऱ्याचा नाही, डॉक्टरांचा विषय.

शटल रनचा आकडा वाचताना घड्याळाची चूक आधी बाजूला काढा. नोव्हेंबरात 12.4 आणि फेब्रुवारीत 12.2 ही सुधारणा नाही. दोन्ही आकडे एकच समजा. 12.4 वरून 11.7 मात्र काहीतरी सांगतं, जर मैदान, बूट आणि मोजणारे तेच असतील.

मग तो आकडा कुठून सुटला ते पळताना पाहा. 50 मीटरमध्ये वेगवान असलेलं मूल शटल रनमध्ये मागे पडलं, तर बहुतेक वेळा ते रेघेच्या पुढे दोन पावलं जाऊन ताठ उभं राहून वळतं. खो-खो खेळणारी मुलं इथे पुढे असतात, कारण खांबाशी खाली झुकून वळायची त्यांना सवय असते. ताठ वळणाऱ्या मुलाला आणखी पळवून उपयोग नाही. रेघेआधी पावलं आखूड करणं, गुडघ्यात वाकणं आणि बाहेरच्या पायाने जमीन ढकलणं हे शिकवा. वजनदार मूल दोन्हींत मागे पडलं तर त्याला थांबणं-वळणं जड जातं एवढाच निष्कर्ष. तो आळशी आहे असा नाही.

तुलना कोणाशी? आधी त्याच मुलाच्या मागच्या आकड्याशी. वर्गाशी करायची असेल तर वयाने करा, इयत्तेने नको. एकाच आठवीत 11-12 महिन्यांचं अंतर असलेली मुलं असतात, आणि तेराव्या वर्षी वर्षभराचा फरक म्हणजे कधी कधी अख्खी वाढ. छापील तक्ता वापरायचाच असेल तर त्यावरची पद्धत आपल्याशी जुळते का ते पाहा: अंतर मीटरमध्ये की फुटांत, तळव्यांची रेघ कितीवर, एक पाय की दोन्ही. जुळत नसेल तर तो तक्ता घडी करून ठेवा.

त्या मुलाच्या वडिलांना मी दोन्ही पेट्या दाखवल्या. त्यांनी खिशातली पट्टी काढून स्वतः मोजलं. सुतार होते ते. नव्या पेटीची फळी आठ सेंटीमीटरने वाढवून द्यायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं.